फोटो पाहून ‘ओरिजिनल आहे, लावा’ म्हणणाऱ्या वायरमन मंडळींना खुले पत्र

मंडळी, नमस्कार.

घरच्या डीबीत बसवायच्या एमसीबीचे फोटो आपल्या सगळ्यांकडेच येतात. पाठवणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, “खरा आहे का जरा बघा.” आपलं उत्तरही बहुतेकदा एका ओळीत संपतं. एक तर “ओके आहे, लावा”, नाहीतर “डुप्लिकेट आहे, फेकून द्या.” यातल्या दुसऱ्या उत्तराबद्दल माझी तक्रार थोडी आहे, पहिल्याबद्दल बरीच. फोटोत फक्त बाहेरचं कवच दिसतं. जास्त लोडवर तापून वाकणारी बायमेटलची पट्टी, शॉर्ट झाल्यावर क्षणात कळ पाडणारी कॉइल, आतली ठिणगी तुकडे करून विझवणारा पत्र्यांचा गठ्ठा, यांतलं काहीच दिसत नाही. त्यामुळे फोटोवरून संशय घेता येतो, पण निर्दोष असल्याचा दाखला देता येत नाही. हा फरक आपण सोडून देतो, म्हणून हे पत्र.

आधी रेटिंगच्या अक्षरांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष तिथेच काढले जातात. “नाव उठावदार आहे, साच्यातूनच आलंय, म्हणजे माल खरा” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. पण एकाच मालिकेत ६ पासून ६३ अँपिअरपर्यंतच्या नगांची बॉडी सहसा एकाच घडणीची असते. साच्यातून येतं ते कंपनीचं नाव, चिन्ह, कधी टर्मिनलचे आकडे. रेटिंग बहुधा नंतर चढवतात, शाईने किंवा लेझरने. म्हणजे बॉडीवरचं नाव अस्सल असलं तरी त्याखालचा ‘सी१६’ अस्सल आहे की नाही हे त्या नावावरून कळत नाही. पुढचा आकडा बदलणं हे तर नकली बॉडी बनवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम.

घरगुती एमसीबीचं मानक आयईसी ६०८९८-१. त्यानुसार आधी बी, सी किंवा डी हे अक्षर आणि त्याला लागून आकडा येतो, पुढे अँपिअरचं चिन्ह नसतं. शॉर्ट तोडण्याची क्षमता चौकटीत नुसत्या आकड्याने लिहितात, उदाहरणार्थ ६०००, तिथेही एकक नाही. चौकटीत कुणी किलोअँपिअरची अक्षरं छापली असतील, तर ज्याने छापलं त्याने मानक उघडून पाहिलेलं नाही एवढा अंदाज करायला हरकत नाही. मात्र औद्योगिक वापराच्या दुसऱ्या मानकानुसार केलेली छपाई किलोअँपिअरमध्ये असू शकते, आणि बऱ्याच नगांवर दोन्ही असतात. म्हणून चौकटीच्या आतलं आणि बाहेरचं वेगवेगळं वाचा.

त्याच मानकात छपाई टिकते का याची एक चाचणी आहे. पाण्यात भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद हाताने घासायचं, मग पेट्रोलियम जातीच्या द्रावणात भिजवलेल्या फडक्याने आणखी १५ सेकंद. एवढं करून अक्षरं नीट वाचता आली पाहिजेत. साच्यातून आलेल्या किंवा कोरलेल्या खुणांना ही चाचणी लावतच नाहीत. याचा अर्थ शाईची छपाई मानकाला चालते. ती टिकली पाहिजे, एवढंच. तेव्हा “शाईने छापलंय, म्हणून नकली” हाही निकाल चुकीचाच. चांगल्या कंपन्या दोन्ही पद्धती वापरतात आणि वर्षागणिक बदलतातही.

मग फोटोत पाहायचं काय? अक्षरांपेक्षा अक्षरांच्या आजूबाजूची जागा पाहा. साच्यातून आलेल्या प्लास्टिकला बारीक एकसारखा खरखरीत पोत असतो. जुना आकडा घासून किंवा द्रावणाने पुसून काढला, तर तेवढ्या भागाचा पोत बदलतो. खरखरीत बॉडीवर ती जागा गुळगुळीत चमकते, चकचकीत बॉडीवर ती मंद पडते. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसणार नाही, कारण फ्लॅश सगळा पोत सपाट करून टाकतो. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. मग उठावाची सावली पडते, खोलगटपणा दिसतो आणि घासलेला डाग स्वच्छ वेगळा उठतो. फोटो मागताना हे सांगणारा वायरमन मला फार क्वचित भेटतो.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. एका घराच्या दीड चौरस मिलिमीटरच्या सर्किटसाठी सी१६ चा एक नग नवा म्हणून आला होता. समोरून काढलेला फोटो अगदी स्वच्छ होता. नाव साच्यातलं, कडा धारदार, नॉब पांढराशुभ्र. दोघा जाणकारांनी “ओके” लिहून टाकलं होतं. मी आडव्या उजेडातला फोटो मागवला. ‘सी१६’ च्या भोवती नखाएवढा पट्टा चमकत होता. खाली चौकटीतल्या ६००० भोवतीचा पोत मात्र शाबूत होता. दुसरी गोष्ट, चौकट आणि रेटिंग एकाच फटक्यात छापलेले असतील तर त्यांच्या ओळी समांतर असतात. इथे १६ किंचित डावीकडे कललेला होता, आणि त्याची शाई चौकटीच्या शाईपेक्षा जास्त काळी होती. एवढ्यावर मी फक्त “छपाई दोन वेळा झालेली दिसते” असं लिहिलं आणि बाजूचे फोटो मागितले. कंपनीचा कॅटलॉग नंबर बाजूला असतो आणि त्यात बहुतेकदा रेटिंग गुंफलेलं असतं. समोरचा आकडा आणि तो नंबर जुळतात का हे कॅटलॉग उघडून दोन मिनिटांत तपासता येतं. इथे नंबराच्या जागी खरवडलेलं होतं.

मग टर्मिनलचे फोटो आले आणि संशय पक्का झाला. नव्या नगाच्या स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा खाचेच्या तळापर्यंत एकसारखा असतो. इथे खाचेच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत मुलामा सोलून खालचं लोखंड दिसत होतं. स्क्रू ड्रायव्हर जोराने पिळला की नेमके तेच दोन कोपरे झिजतात, बाकीचे नाही. एखादा फिकट ओरखडा दुकानात कुणी स्क्रू फिरवून पाहिल्यानेही येतो, त्यावरून काही ठरत नाही. पण धातू उघडा पडेपर्यंत झालेली झीज म्हणजे तो स्क्रू कधीतरी वायरवर आवळला गेला होता. शिवाय टर्मिनलच्या तोंडातल्या धातूवर वायरच्या तारांचे आडवे ठसे होते, चांगले रुंद. दीड चौरस मिलिमीटरची वायर एवढा रुंद ठसा उमटवत नाही. थोडक्यात, वापरलेला, जाड वायरवर बसलेला, आकडा बदललेला नग.

फोटोंवरून मी इथपर्यंतच पोचलो, आणि पाठवणाऱ्याला तेवढंच सांगितलं. तो मूळचा किती अँपिअरचा हे सांगितलं नाही, कारण ते दिसत नव्हतं. नग करंट इंजेक्शनच्या यंत्रावर लावून पाहिला. मानकात एक सोयीची कसोटी आहे. रेटिंगच्या २.५५ पट प्रवाह थंड नगातून सोडायचा, ३२ अँपिअरपर्यंतच्या नगाने तो १ ते ६० सेकंदांत तोडला पाहिजे. १६ च्या २.५५ पट म्हणजे ४०.८ अँपिअर. मिनिट उलटलं तरी नग पडला नाही. आता हाच नग मुळात ३२ चा होता असं धरा. ४०.८ हा प्रवाह ३२ च्या सव्वापटीच्या आसपास येतो, आणि तासाभरात पडण्याचं बंधन १.४५ पटीपासून पुढे लागू होतं. म्हणजे ३२ चा अस्सल नगसुद्धा अशा वेळी शांत बसून राहू शकतो. दोन्ही गोष्टी जुळतात, तरी सिद्ध फक्त एवढंच झालं की हा सी१६ म्हणून नालायक आहे.

घराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? खरा सी१६ जास्तीत जास्त २३.२ अँपिअर तासभर सोसू शकतो. ३२ चा असेल तर ४६.४. भिंतीतल्या पाइपमधून गेलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बसवण्याच्या पद्धतीनुसार, साधारण १५ ते १८ अँपिअर सतत वाहू शकते. तिच्यातून ४० अँपिअर जात राहिले आणि एमसीबी पडलाच नाही, तर आधी इन्सुलेशन मऊ होतं आणि कुणाला वास येईपर्यंत भिंतीच्या आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. उलट, १६ च्या नगावर ३२ लिहिलं असेल तर तो वारंवार पडतो, घरातले लोक वैतागतात, पण वायर वाचते. म्हणून कमी आकडा लिहिलेल्या नगावर माझी नजर जास्त कडक असते.

स्क्रूच्या बाबतीत आणखी थोडं. बऱ्याच एमसीबींवर सपाट खाच आणि पॉझिड्राइव्ह यांचं मिश्र डोकं असतं. पॉझिड्राइव्हला फुलीच्या चार हातांच्या मधोमध चार बारीक रेघा असतात, साध्या फिलिप्सला त्या नसतात. त्याच मॉडेलच्या खात्रीच्या नगावर त्या रेघा असतील आणि फोटोतल्यावर नसतील, तर विचारावं. पण “फिलिप्स आहे, म्हणून नकली” असा सरसकट नियम करू नका, मॉडेलागणिक फरक असतो. मला स्क्रूच्या डोक्यापेक्षा त्याच्या खालचा पिंजरा जास्त सांगतो. एक फोटो पिंजरा पूर्ण उघडा असताना आणि एक पूर्ण आवळल्यावर, असे दोन मागवा. चांगल्या नगाचा पिंजरा सरळ वर चढतो, त्याच्या तोंडाला वायर धरण्यासाठी आडव्या खाचा असतात आणि पत्रा जिथे जुळवलेला असतो तो जोड आवळल्यावरही बंद राहतो. हलक्या नकलेत पत्रा पातळ असतो, पिंजरा एका बाजूला तिरपा होतो आणि जोड फाकलेला दिसतो. असं टर्मिनल पहिल्या दिवशी वायर घट्ट धरतं, मग गरम-थंड होता होता सैल पडतं. टर्मिनलच्या तोंडाशी तपकिरी कडं दिसलं तर तिथे ताप झाला हे नक्की, मात्र तो नकली नगामुळे झाला की आपल्यापैकीच कुणी स्क्रू सैल सोडल्यामुळे, हे फोटो सांगत नाही.

बॉडीच्या मोल्डिंगवर लोक फार लवकर बोलतात. “फिनिशिंग नाही” हा शेरा मला कुचकामी वाटतो. कुठे नाही, ते सांगा. बॉडीचे दोन अर्धे रिव्हेटने जोडलेले असतात. त्यांच्या जोडाची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? टर्मिनलच्या तोंडाशी आणि नॉबच्या खिडकीत प्लास्टिकची पातळ पापुद्र्यासारखी कड उरली आहे का? दोन्ही अर्ध्यांचा रंग एकच आहे का? रिव्हेटची डोकी एकसारखी वळलेली आहेत, की एखादं वेगळ्या आकाराचं आणि आजूबाजूला ओरखडे आहेत? ही शेवटची खूण मी सगळ्यात गंभीर धरतो, कारण उघडून पुन्हा बंद केलेला नग आतून काहीही असू शकतो. अस्सल असला तरी त्याचं कॅलिब्रेशन संपलं असं समजावं.

नक्कल करणारा कधी कधी मूळ नगावरूनच साचा उतरवतो. अशा वेळी दोन गोष्टी घडतात. उठावदार अक्षरांच्या कडा बोथट होतात, वापरून झिजलेल्या साबणावरच्या नावासारख्या. आणि प्लास्टिक थंड होताना आकसत असल्यामुळे नग मूळ मापापेक्षा किंचित लहान येतो. एकट्या नगाच्या फोटोत हा फरक डोळ्याला कळत नाही. तोच नग खात्रीच्या नगाशेजारी एकाच डिन रेलवर बसवून समोरून फोटो काढला, तर खांदे एका रेषेत येत नाहीत, नॉबची ओळ मोडते, कंगव्यासारखा बसबार दोन्हींत एकदम सरळ जात नाही. मात्र नीट रेखाटून, माप घेऊन केलेल्या साच्यात हे दोष नसतात, तेव्हा रांग सरळ आली म्हणून पास करू नका. आणि तुलना त्याच मॉडेलच्या, त्याच पिढीच्या नगाशीच हवी. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दोन साचे असतात, रिव्हेटची जागासुद्धा सरकलेली असू शकते. पाच वर्षांपूर्वीच्या नगाशी तुलना करून आजच्याला नकली ठरवणं हा दुकानदारावरही अन्याय आहे.

फोटोही आपल्याला फसवतो. फोन अगदी जवळ नेला की बॉडीच्या कडा फुगीर दिसतात आणि साधी सरळ फट वाकडी वाटते. हातभर अंतरावरून झूम करून काढलेला फोटो खरा आकार दाखवतो. पिवळ्या दिव्यात जस्ताचा मुलामा पितळी भासतो. फोन स्वतःहून अक्षरं धारदार करतो आणि पोत पुसून टाकतो, म्हणजे आपण ज्या दोन गोष्टी पाहणार त्याच बिघडवतो. वर मेसेजमधून पाठवताना चित्र दाबलं जातं. त्यामुळे चित्र फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवायला सांगा. जाहिरातीतला फोटो पाहून तर मत देऊच नका, तो नग विकणाऱ्याच्या हातात आहे की नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नसतं.

फोटो मागताना एक गोष्ट मात्र बजावून सांगा. घरच्या माणसाने डीबीचं आतलं झाकण उघडायचं नाही. मेन स्विच पाडला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलवर पुरवठा जिवंत असतो. बसलेल्या नगाचा समोरून दिसेल तेवढाच फोटो घ्यायचा, बाकीचे तुम्ही जाऊन, मेन स्विचच्याही आधी पुरवठा बंद झाल्याची खात्री केल्यावर.

आता माझी मागणी. आपण तीनच प्रकारची उत्तरं द्यायला सुरुवात करूया. एक, “या कारणाने संशय आहे”, आणि कारण बोट ठेवून दाखवायचं. दोन, “या फोटोंत संशयास्पद काही दिसत नाही, पण यावरून खरा आहे असं मी म्हणत नाही.” तीन, “फोटो अपुरे आहेत, हे हे पाठवा.” माझ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी बहुतेकांना तिसरंच उत्तर लागतं. “ओके” हा शब्द या कामातून काढून टाका. नॉब वर-खाली होतो, टक आवाज येतो, हे कारण म्हणून कुणी लिहिलं तर मी पुढे वाचत नाही. बायमेटल नसलेला नगही टक आवाज करतो.

यंत्रावरच्या चाचणीलाही मर्यादा आहे, तीही सांगत जा. २.५५ पटीची कसोटी पास झाली म्हणजे बायमेटल ढोबळमानाने आकड्याला धरून आहे. ६००० अँपिअरचा शॉर्ट तो तोडेल का, हे तिथे कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं, आणि ज्या नगावर ती चाचणी झाली तो पुन्हा वापरायचा नसतो. म्हणून संशय न दिसणाऱ्या नगाबाबत शेवटचा आधार खरेदीच्या साखळीचा. बिल कुणाचं, विक्रेता कंपनीने नेमलेला आहे का, बॅच नंबर कंपनीला पाठवल्यावर उत्तर काय आलं. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन होतो म्हणून निर्धास्त होऊ नका. एकच कोड शंभर डब्यांवर छापता येतो, त्यामुळे एकाच खरेदीतले दोन-तीन डबे स्कॅन करून कोड वेगळे येतात का हे पाहा.

संशयित नग ठरला की तो ‘साइटवर कुठेतरी तात्पुरता चालेल’ म्हणून पिशवीत परत टाकू नका. डब्यासकट, बिलाच्या प्रतीसकट बाजूला ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावून संशयाचं कारण लिहा आणि कंपनीला कळवा. त्याच पेटीतले बाकीचे नग ज्या घरांत गेले असतील, तिथल्या लोकांना फोन करण्याचं काम विक्रेत्याचं नाही, ते बसवणाऱ्याचं आहे.

तुमच्यातलाच,
एक वायरमन